आजअखेर आणि बारा महिने

नंदुरबारच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी पगार कारकून म्हणून लागलो, तेव्हा हंगाम संपून महिना झाला होता. आवारात सरकीचा वास राहिला होता. कामगारांपैकी फक्त फिटर, इंजिनवाला, दोन पहारेकरी आणि आम्ही कचेरीतली माणसं उरलो होतो. माझ्या आधीचा कारकून मे अखेरीस निवृत्त होऊन आपल्या गावी, धानोऱ्याला शेतीवर गेला होता. सारा कारखाना त्याला आप्पा म्हणायचा. खुर्चीत त्याने घरून आणलेली गोधडीची घडी तशीच होती आणि टेबलाच्या खणात सुपारीचे तुकडे. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. पण सहा महिने मी त्याच्याच गोधडीवर बसत होतो आणि त्याच्याच अक्षराच्या सोबतीत दिवस काढत होतो, तेव्हा अनोळखी म्हणणंही बरोबर नाही.

त्याचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. दर महिन्याचं पगारपत्रक एकाच ठरावीक पद्धतीचं: नाव, हजेरीचे दिवस, रोजचा दर, मजुरी, कपात, हाती दिलेली रक्कम, अंगठा किंवा सही. आणि सगळ्यांत शेवटी एक रकाना, ‘आजअखेर’. आमचं वर्ष एक नोव्हेंबरला सुरू व्हायचं. त्या दिवसापासून या महिन्याच्या शेवटापर्यंत त्या माणसाची एकूण किती मजुरी झाली, तो आकडा तिथे. मागच्या महिन्याचं आजअखेर घ्यायचं, त्यात या महिन्याची मजुरी मिळवायची, की या महिन्याचं आजअखेर तयार. ऑक्टोबरच्या पत्रकातलं आजअखेर म्हणजे वर्षाची मजुरी. आप्पाने एकोणीस वर्षं तो आकडा तसाच उचलून मालकांच्या पेढीला कळवला आणि पेढीने एकोणीस वर्षं तो तसाच मान्य केला. सगळं सुखाने चाललं होतं.

मग पेढीने छापील तक्ता पाठवला.

तक्ता मोठा देखणा होता. जाड कागद, निळ्या रेघा, वर कमानीसारख्या अक्षरांत ‘वार्षिक वेतन गोषवारा’. प्रत्येक कामगारामागे एक ओळ, ओळीत बारा महिन्यांचे बारा रकाने, तेराव्यात त्यांची बेरीज, चौदाव्यात आजअखेर. तेरावा आणि चौदावा जुळले पाहिजेत, असं खाली छापलेलं होतं. आमचे मॅनेजर तो तक्ता घेऊन दोन दिवस आवारात फिरले. फिटरलाही दाखवला. फिटरने कागद बोटांनी चाचपून सांगितलं की इंजिनाच्या सांध्यात गास्केट म्हणून चालला असता. मॅनेजर त्या उन्हाळ्यातच बदलून आलेले धिप्पाड गृहस्थ होते. कचेरीतही फेटा उतरवत नसत, आणि कलेक्टरसाहेब एकदा त्यांच्याकडे चहा प्यायले होते ही गोष्ट ते तारखेशिवाय सांगत, म्हणजे ती कायम नुकतीच घडलेली वाटे.

दिवाळी झाली. नवा हंगाम सुरू झाला, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहू लागल्या आणि सातपुड्यातले मजूर खाली उतरले. त्याच गडबडीत मी गेल्या वर्षाचा तक्ता भरायला घेतला. बाराही पत्रकं समोर ठेवून प्रत्येकाची मजुरी महिन्यामहिन्याच्या रकान्यात उतरवली. आडव्या बेरजा केल्या. शेजारी ऑक्टोबरचं आजअखेर लिहिलं.

गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या कामगारांचे आकडे पैपर्यंत जुळले. डोंगरातून आलेल्या पंचेचाळीस माणसांचे जुळले नाहीत. एकतीस पुरुष, चौदा बायका. प्रत्येकाचं आजअखेर बारा महिन्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. कुणाचं चार रुपये आठ आणे, कुणाचं चार रुपये, कुणाचं दोन रुपये तेरा आणे. सगळा फरक मिळून एकशे बहात्तर रुपये तेरा आणे.

माझी बेरीज चुकली असेल असं वाटून मी ती खालून वर केली. पुन्हा तेच. हे मी मॅनेजरांना लगेच सांगितलं, आणि ते माझ्या आयुष्यातल्या घाईघाईने केलेल्या मूर्खपणांपैकी एक आहे.

त्यांनी चष्मा लावला, रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द मागवली. मार्चअखेरच्या मजुरीपोटी तिजोरीतून गेलेली रक्कम मार्चच्या पगारपत्रकापेक्षा बरोबर एकशे बहात्तर रुपये तेरा आण्यांनी जास्त निघाली. ‘हस्ते’ म्हणून आप्पाची सही.

“बघा,” मॅनेजर म्हणाले. “पैसे बाहेर गेलेत. घेतल्याचा अंगठा कुठंय? कुठेच नाही. आणि कुणाच्या नावावर गेलेत? ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्याच. आजअखेर फुगवलं की वर्षाचा हिशेब आपोआप बसतो. हुशार माणूस होता हो तुमचा आप्पा!”

“माझा?” मी म्हणालो. “मी तर त्यांना पाहिलंही नाही.”

“मग आता कोर्टात पाहाल.”

आप्पाला निवृत्तीची तीन महिन्यांच्या पगाराची बक्षिसी मिळायची होती. वर्षाचा हिशेब पुरा झाल्यावर ती द्यायची असं ठरलं होतं. मॅनेजरांनी ती रोखली, आणि फौजदाराला द्यायच्या अर्जाचा मसुदा करायला बसले. पेढीचे शेठ पुढच्या सोमवारी येणार होते. त्यांच्या सहीने अर्ज जाणार. मसुदा चार पानी होता. त्यात पहिलं पान मॅनेजरांच्या जागरूकतेबद्दल होतं.

मला सहा दिवस होते. अर्ज थांबवायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्या माणसाच्या गोधडीवर बसून मी त्याचा घात केला होता, त्याच्या अक्षराकडे बघणं मला जड जाऊ लागलं. इतक्या सरळ रेघेत लिहिणारा माणूस चोर असूच शकत नाही, असं माझं म्हणणं नाही. सरळ अक्षरातल्या चोऱ्या मी पुढे पुष्कळ पाहिल्या. पण चोर इतका नीटनेटका असेल तर आजअखेर फुगवताना महिन्याची मजुरीही फुगवेल. एक रकाना खोटा आणि शेजारचा खरा, असा वेंधळेपणा तो करणार नाही.

म्हणून मी वार्षिक बेरीज सोडून महिनेवार चालत गेलो. एक माणूस घेतला. फेब्रुवारीचं आजअखेर शेहेचाळीस रुपये आठ आणे. मार्चची मजुरी दहा दिवसांची, आठ आणे रोजाने पाच रुपये. म्हणजे मार्चचं आजअखेर एकावन्न रुपये आठ आणे हवं. आप्पाने लिहिलं होतं छप्पन्न रुपये. चार रुपये आठ आण्यांची उडी तिथेच. एप्रिलपासून पुढे हिशेब पुन्हा बरोबर. दुसरा माणूस घेतला, तिसरा घेतला, एक बाई घेतली. उडी प्रत्येकाची मार्चमध्येच.

मग मी त्या उड्यांना रोजाने भागलं. पुरुषांचा रोज आठ आणे, बायकांचा पाच. चार रुपये आठ आणे म्हणजे नऊ दिवस. चार रुपये म्हणजे आठ. बाईचे दोन रुपये तेरा आणे म्हणजे पंचेचाळीस आणे, तेही नऊच दिवस. एकही आकडा अर्ध्या रोजावर तुटला नाही, एकही नऊ दिवसांच्या वर गेला नाही. पुरुषांचे मिळून दोनशे सत्तर दिवस, बायकांचे एकशे एकवीस. त्यांची मजुरी काढली तर बरोबर एकशे बहात्तर रुपये तेरा आणे.

चोर रक्कम चोरतो. दिवस मोजून, माणसागणिक, बाईला पाच आणे आणि पुरुषाला आठ आणे या दराने कोण चोरतं?

दुपारच्या सुट्टीत मी डोंगरातल्या टोळीच्या मुकादमाला गाठलं. सातपुड्यातल्या काठी गावाकडचा, पन्नाशीचा, कानात चांदीच्या बाळ्या घालणारा माणूस. घरी तो आपली डोंगरातली भाषा बोलायचा, आमच्याशी अहिराणी.

“मुकादम, मागच्या मार्चचा पगार तुम्हाला कधी मिळाला?”

“कोनता? दोन येळे लिधा ना.”

“दोनदा?”

“एक होळीले, एक नंतर.” त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “भाऊसाहेब, तुम्ही धुळ्याना ना? मंग तुम्हले काय माहीत. आम्ही होळीले आठे ऱ्हातस का? मरी गयात तरी तठे जातस.”

मागे भाकरीची गाठोडी सोडून बसलेल्या बायका हसल्या. एक म्हणाली, “कारकूनले बी संगे लई चालूत. ढोल धरी तो.” पुन्हा हसणं. मी धुळ्याचा आणि चष्मेवाला, तेव्हा ढोल धरणं माझ्याच्याने होणार नाही हे सगळ्यांना दिसतच होतं.

मग मुकादमाने सांगितलं. होळीच्या पाच-सहा दिवस आधी सगळी टोळी वर जाते. हातात पैसा नसेल तर घुंगरू, नवं लुगडं, गूळ, डाळ्या कशाने घ्यायच्या? मागच्या महिन्याचा पगार वाण्याच्या उधारीत जातो, आणि चालू महिन्याचा तर पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. म्हणून आप्पा निघायच्या दिवशी तोवरचे दिवस मोजून, फाटकापाशी जमिनीवर बसून, मजुरी वाटायचा. अंगठे घ्यायचा. होळी करून जे परत यायचे त्यांचे उरलेले दिवस महिन्याच्या पत्रकात.

“किती वर्षं असं चालतंय?”

“मन्हा मोठा पोऱ्या पाठीवर व्हता तव्हापाईन.” मोठा पोऱ्या आता प्रेसवर गाठी बांधत होता.

म्हणजे वर्षाला पत्रकं बारा नव्हतीच, तेरा होती. आप्पाने होळीची मजुरी आजअखेरात धरली, कारण ती झालेलीच होती. मी ती मार्चच्या रकान्यात धरली नाही, कारण मार्चच्या पत्रकात ती नव्हती. आकडा त्याचा बरोबर होता. चुकली होती माझी बारा महिन्यांची बेरीज.

मॅनेजरांना हे पटलं नाही. “मजुराच्या तोंडी शब्दावर? अंगठे दाखवा. तेरावं पत्रक कुठंय ते दाखवा.” ते मार्चच्या गठ्ठ्यात नव्हतं. फेब्रुवारीच्या, एप्रिलच्याही नव्हतं. शुक्रवार झाला होता.

शनिवारी मी इंजिनवाल्याची सायकल मागून धानोऱ्याला गेलो. आप्पाचं घर कुणीही दाखवलं. अंगणात खाटेवर एक सुकलेला, लांब हातांचा माणूस बसला होता आणि मिरच्या निवडत होता. मिरच्यांचे दहा-दहाचे ढीग केले होते. मी कोण ते सांगितल्यावर तो उठूनच उभा राहिला.

“जीनमाईन उना का तू? बठ, भाऊ, बठ. कसं चाली ऱ्हायनं? भोंगा वाजस ना येळवर?”

आतून त्याची बायको चहा घेऊन आली. “भोंगा, भोंगा,” ती म्हणाली. “रोज सकायले उठी बसतस खाटवर. म्हनतस भोंगा वाजना. आठे कोनता भोंगा व माय? कोंबडा शे तो!”

आप्पाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. यंदा गाड्या किती आल्या, तो प्रेसचा डावा पंप अजून गळतो का, फाटकाजवळच्या निंबाखाली बायका बसतात की तिथे आता कुणी काही बांधलं, असं एकेक विचारत राहिला. सहा महिन्यांत त्याने कारखान्यातली कुठलीच गोष्ट विसरायला घेतली नव्हती. मी उत्तरं देत गेलो आणि मुद्द्यावर यायचं लांबवत गेलो. शेवटी विचारलं, “आप्पा, होळीच्या हिशेबाचा कागद कुठे असतो? मार्चच्या गठ्ठ्यात नाही.”

“मार्चना गठ्ठामा कसा सापडी?” त्याला खरंच नवल वाटलं. “तो काय मार्च व्हता? ती होळी व्हती.”

“मग कुठे?”

“तेसना हजेरीपटसंगे बांधेल शे. टोळीनी हजेरी, टोळीना अंगठा, मंग कागद बी टोळीसंगेच ऱ्हावाले पाहिजे ना? सरकीना गोदामना माळावर देख. सगळा शेतस. पहिला साल पाईन.”

मी सुटकेने इतका मोठा श्वास सोडला की तो थांबला. मिरच्यांवरचा हात थांबला. तो हळू म्हणाला, “खरं सांग, भाऊ. तठे माले चोर म्हनी ऱ्हायनात का?”

मी खोटं बोलायला हवं होतं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं, आणि तेवढ्याने त्याला कळलं. बायकोही दारात उभी होती.

“कोन म्हनस?” तिने विचारलं.

“कोनी नही,” आप्पा म्हणाला. “तू आत जाय.” मग मला म्हणाला, “चहा पी. थंडा व्हयी जाई.”

त्याच दिवशी परत येऊन मी गोदामाच्या माळ्यावर चढलो. हजेरीपटांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले, वर्षावार लावलेले. गेल्या हंगामाच्या गठ्ठ्यात, एक ते नऊ मार्चच्या हजेरीच्या पाठीला टाचलेलं पत्रक मिळालं. पंचेचाळीस नावं, पंचेचाळीस अंगठे, एकूण एकशे बहात्तर रुपये तेरा आणे. काही अंगठ्यांवर शाईबरोबर मातीही उमटली होती. मी आधीच्या वर्षांचे गठ्ठे सोडले. प्रत्येकात एक. एकोणीस होळ्यांची एकोणीस पत्रकं. जुन्या कागदांचा रंग उडालेला, पण अंगठे काळेच. मी माळ्यावर वाकून बसलो आणि एकेक बघत राहिलो. कुणी चार वर्षं आलं, कुणी अकरा. एका बाईचा अंगठा पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत होता, मधलं एक वर्ष सोडून. खाली कापसाच्या गाड्या करकरत होत्या आणि मला कधी नव्हे ते कुठेतरी जावंसं वाटत होतं, ढोल वाजत असेल त्या बाजूला, हातात नऊ दिवसांची मजुरी घेऊन. मी काठीच्या होळीला कधी गेलो नाही. पगार कारकुनाला मार्चमध्ये सुट्टी मिळत नाही.

सोमवारी शेठ आले. मी मार्चच्या रकान्यात होळीच्या पत्रकाचे आकडे लाल शाईने मिळवून दाखवले. पंचेचाळीसही ओळींत तेरावा आणि चौदावा रकाना जुळला. शेठनी अंगठे पाहिले, रोजकीर्द पाहिली आणि गुजरातीत विचारलं, “एमां चोरी क्यां छे?” मॅनेजरांनी अर्ज खिशात ठेवला. तो त्यांनी फाडला नसावा. पहिलं पान फार चांगलं उतरलं होतं.

पण चार पानं लिहिलेला माणूस रिकाम्या हाताने थांबत नाही. चोरी नाही तर निदान गैरशिस्त आहे, असं त्यांनी शेठना पटवलं. एका महिन्याला एकच पत्रक. छापील तक्त्यात रकाने बारा आहेत, पेढीला तेरावा मान्य नाही. यापुढे मजुरी सगळ्यांना एकाच दिवशी, दहा तारखेला. शेठना गाडी पकडायची होती. त्यांनी मान डोलावली.

बक्षिसी घेऊन मी पुन्हा धानोऱ्याला गेलो. आप्पाने नोटा मोजल्या नाहीत, बायकोच्या हातात दिल्या. तिने मात्र दोनदा मोजल्या आणि मला म्हणाली, “चोरनी बायको शे मी. मोजीसन लेवाले पाहिजे.”

आप्पाने विचारलं, “कागद सापडना ना सगळा?”

“सगळे. एकोणीस.”

तो हसला. पहिल्यांदाच. मग म्हणाला, “एक कर. फाटकपाशी बसशी तव्हा पहिले बायासले दे. त्यासले बजार करना ऱ्हास. पुरुषसले आधी दिधा ते दारूवाला आधी उना समज. अन् चिल्लर लई ठेव. पाच आनाना रोज शे, चिल्लर कमी पडस.”

तो मला होळीचा हिशेब शिकवत होता. चिल्लर कुणाकडून घ्यायची, उन्हात शाई वाळते म्हणून गादीवर किती पाणी शिंपडायचं, कुठल्या म्हाताऱ्याचा उजवा अंगठा यंत्रात गेलाय म्हणून डावा घ्यायचा. मी ऐकत राहिलो. त्याची निर्दोषता मी सिद्ध केली होती आणि त्याच कामात त्याचं तेरावं पत्रक बुडवलं होतं, हे त्याला कधी सांगायचं ते मी ठरवत होतो. शेवटी सायकलवर बसताना सगळं सांगितलं, लाल शाईच्या आकड्यांपासून.

“नही म्हनतस?” तो म्हणाला.

“बारा रकाने आहेत, आप्पा.”

त्याने सायकलचं हँडल धरलं. “मार्चमा मियाडी टाक ना मंग. लाल शाईथून. तू करा तसंच.”

“मी म्हटलं तसं. ऐकत नाहीत.”

“मंग त्या होळीले कसा जातीन?” त्याने विचारलं. त्याने हँडल सोडलं. तो खाटेकडे वळला.

मार्च आला. निघायच्या दिवशी टोळी सवयीने फाटकापाशी, निंबाखाली येऊन बसली. मी कचेरीतून बाहेर गेलो, हातात काही न घेता. मुकादमाने माझ्या हातांकडे पाहिलं. मी दहा एप्रिल म्हणालो. पेढी म्हणालो, तक्ता म्हणालो. बारा रकान्यांची गोष्ट अहिराणीत सांगताना मला कळलं की ती कुठल्याच भाषेत नीट सांगता येत नाही.

“दहा एप्रिलले होळी ऱ्हास का?” एका बाईने विचारलं. तिला चेष्टा करायची नव्हती.

माझ्या खिशात साडेसहा रुपये होते. मी ते मुकादमाला दिले. त्याने घेतले, मोजले आणि पंचेचाळीस माणसांकडे पाहिलं. मग चार रुपये मला परत दिले, “तुम्हले बी घर शे,” म्हणाला, आणि उरलेल्याचा सगळ्यांसाठी गूळ घेतला. ते निघाले. बायका पुढे, डोक्यावर गाठोडी, मागे पुरुष. रेल्वेच्या फाटकापलीकडे वळेपर्यंत कुणीतरी चालताचालता तोंडानेच ढोलाचा ठेका धरला होता.

परत आलेल्यांची मी महिनाअखेरीस हजेरी मोजली. पंचेचाळीसपैकी अठ्ठावीस. आदल्या वर्षी जवळजवळ सगळे परतले होते. त्या वर्षीच्या तक्त्यात बारा महिन्यांची बेरीज आणि आजअखेर पहिल्याच फटक्यात पैपर्यंत जुळले. मॅनेजरांनी तो तक्ता काच लावून कचेरीत टांगला. मी त्याच्याकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली, म्हणजे समोर खिडकी येई, आणि खिडकीतून निंब दिसे.